पासबुकातला आकडा तोच, पैसा मात्र कमी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापून निघणारी पाचशेची नोट नीट वाचून पाहावी. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर तिच्यावर धारकाला पाचशे रुपये अदा करण्याचे वचन देतात. त्या पाचशे रुपयांत किती गहू, किती गोडेतेल किंवा किती मजुरी येईल, याबद्दल नोटेवर एक अक्षर नाही. वचन आकड्याचे आहे आणि ते तंतोतंत पाळले जाते. म्हणूनच कपाटात ठेवलेली रक्कम झिजते आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. चोरी झाली तर बंडल कमी भरते. महागाईत बंडल पुरते भरते, बाजारात मात्र कमी पडते.

ही झीज मोजता येते. ग्राहक किंमत निर्देशांक, २०१२ = १०० या पायावरचा, जानेवारी २०१९ मध्ये १३९.६ होता आणि जानेवारी २०२४ मध्ये १८५.५. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की १.३३ येतात. म्हणजे जी खरेदी आधी शंभरात होत होती, तिला पाच वर्षांनी एकशे तेहतीस लागू लागले. आता समजा, कुणी जानेवारी २०१९ मध्ये दोन लाख रुपये घरात ठेवले आणि पाच वर्षे हात लावला नाही. दोन लाखांना १.३३ ने भागा. उत्तर दीड लाखाच्या आसपास येते. पन्नास हजारांची खरेदीशक्ती गेली आणि नोट एकही हलली नाही.

हीच रक्कम बचत खात्यात असती तर? सरासरी तीन टक्के व्याज धरले तर पाच वर्षांत तिचे २ लाख ३२ हजार झाले असते. त्याला पुन्हा १.३३ ने भागले की सुमारे १ लाख ७४ हजार उरतात. पासबुकात बत्तीस हजारांची वाढ छापलेली आणि प्रत्यक्षात सव्वीस हजारांची घट, असा हा प्रकार आहे. सहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ती २ लाख ६७ हजारांवर गेली असती आणि भागाकारानंतर दोन लाखांच्या किंचित वर राहिली असती. म्हणजे मुदत ठेवीने त्या पाच वर्षांत श्रीमंत केले नसते, फक्त होते तिथे उभे ठेवले असते, आणि तेही व्याजावरचा कर धरण्यापूर्वी. ठेवीकडून याहून मोठी अपेक्षा ठेवू नये, पण एवढे कामही कपाट करत नाही.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न विशेष बोचतो, कारण इथले उत्पन्न महिन्याच्या एक तारखेला येत नाही. द्राक्षाचे पैसे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात एकदम येतात. लगेच खरड छाटणीचा खर्च असतो. मग गोडी छाटणीपर्यंत बराच पैसा वाट पाहत पडून राहतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मजुरी, औषधे, खते यांत तो भराभर उतरतो. या चढउतारामुळे एक समजूत घट्ट बसते की सगळाच पैसा हाताशी लागतो. पासबुक मात्र वेगळे सांगते.

पासबुकात गेल्या बारा महिन्यांतली प्रत्येक महिन्याची सर्वांत कमी शिल्लक पेन्सिलीने गोल करा. शेवटची नव्हे, सर्वांत कमी. मग त्या बारा आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा शोधा. त्याच्या खाली खाते वर्षभरात एकदाही गेलेले नाही. बागायतदाराच्या खात्यात हा नीचांक बहुधा डिसेंबर-जानेवारीत, माल हाती येण्याच्या तोंडावर दिसतो.

उदाहरणादाखल पिंपळगाव बसवंतच्या बाजूचे एक खाते कल्पू. एप्रिलअखेर अकरा लाख शिल्लक, खरड छाटणीचा खर्च होऊन मेच्या मध्यास साडेआठ लाख, तेच सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जवळजवळ जसेच्या तसे, आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ३ लाख ४० हजार हा नीचांक. या एका खात्यात दोन निराळे पैसे आहेत. तळचे ३ लाख ४० हजार वर्षभर हललेच नाहीत. त्यांच्या वरचे पाच लाख फक्त चार महिने थांबले होते.

तळच्या पैशावर अडीच टक्क्यांनी वर्षाला साडेआठ हजार व्याज मिळते. महागाई पाच टक्के असेल तर नुसते जागेवर राहायला सतरा हजार लागतात. म्हणजे दरवर्षी साडेआठ हजारांची तूट, जी आजच्या पैशात मोजली तर आठ हजारांच्या आसपास पडते. हाच पैसा चालू खात्यात असेल तर व्याज शून्य आणि तूट दुप्पट. व्यापाऱ्याचा धनादेश चालू खात्यात जमा होतो आणि तिथेच राहतो, हे आपल्याकडे फार घडते. चार महिने थांबलेल्या पाच लाखांवर बचत खात्यात चार हजारांच्या थोडे वर मिळतात. तेवढ्याच दिवसांच्या साडेपाच टक्क्यांच्या ठेवीत नऊ हजारांच्या वर मिळाले असते. बँकेत ठेव सात दिवसांपासून ठेवता येते, वर्षाचीच ठेवावी लागते असे नाही.

उरलेला रोजचा पैसा खुशाल मोकळा ठेवावा. पन्नास हजार रुपये दोन महिने हाताशी ठेवले तर पाच टक्के महागाईत चारशे रुपयांची झीज होते, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर त्या चारशेचे कुणालाही वाईट वाटणार नाही. दोष रोख ठेवण्यात नाही. दोन महिन्यांसाठी ठेवलेली रोख सात वर्षे तशीच राहते, घोटाळा तिथे होतो.

आता एक आक्षेप. महागाई तर आता उतरली, ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पाव टक्क्यावर आली होती, मग ही ओरड कशाला? महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असे नव्हे. शंभराची वस्तू एकशे तेहतीसला गेल्यावर दर पाव टक्का झाला, तर ती एकशे तेहतीस रुपये तेहतीस पैशांना मिळते, पुन्हा शंभरावर येत नाही. झालेली झीज भरून निघत नाही, फक्त पुढची काही काळ मंदावते. शिवाय तो दर कशाने उतरला तेही पाहावे. त्या जुन्या निर्देशांकात खाण्यापिण्याच्या वस्तूंचा वाटा जवळपास ४६ टक्के होता. भाजीपाला कोसळला की देशाची महागाई कमी दिसते. लासलगावला कांदा पडला की शहरातल्या ग्राहकाचा निर्देशांक सुधारतो, पण कांदेवाल्याच्या घरची शाळेची फी, औषधांची बाटली आणि मजुरी त्याबरोबर उतरत नाही. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी मार बसतो. रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून दिलेले लक्ष्यसुद्धा चार टक्क्यांचे आहे, खालीवर दोन टक्क्यांची मुभा धरून. म्हणजे सगळे ठरल्याप्रमाणे चालले तरी भाव दरवर्षी चार टक्क्यांनी वाढणारच, असे गृहीत आहे. त्या गतीने कपाटातल्या पैशाची किंमत अठरा वर्षांत निम्मी होते.

घरात रोख ठेवणारे सगळे अडाणी असतात असे मुळीच नाही. बँक बुडण्याची भीती हे त्यांचे मोठे कारण असते, आणि सहकारी बँकांवर निर्बंध आलेले पाहिलेल्या महाराष्ट्रात त्या भीतीला आधार आहे. पण या धोक्याला मर्यादा घालता येते. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही मोजतात, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखांतली त्याची रक्कम एकत्र धरतात. म्हणून नेमके पाच लाख ठेवण्यापेक्षा साडेचार-पावणेपाच लाखांवर थांबावे आणि उरलेले दुसऱ्या बँकेत ठेवावे. व्यापारी बँकांप्रमाणे सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे, पतसंस्थांना नाही. एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून पतसंस्थेत पैसे नेणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा. महागाईच्या धास्तीने दामदुपटीच्या योजनेत उडी मारणाऱ्याला तर काय सांगावे! पाच टक्क्यांची झीज वाचवायला शंभर टक्के मुद्दल पणाला लावण्यात कसला हिशेब?

ठेव करताना ज्या चुका नेहमी होतात त्याही सांगतो. पहिली मुदतीची. पैसा सप्टेंबरच्या मध्याला लागणार असेल तर ठेव त्याआधी आठवडाभर संपेल अशा दिवसांची घ्यावी. वर्षाची घेऊन मध्येच मोडली, तर वर्षाचा दर मिळत नाही. जेवढे दिवस पैसा राहिला तेवढ्या दिवसांचा दर लागतो आणि त्यातून बहुधा अर्धा ते एक टक्का दंड कापतात. दुसरी चूक एकाच पावतीची. तळचे ३ लाख ४० हजार एका पावतीत न घालता चार पावत्या कराव्यात, म्हणजे अडचणीत एकच मोडता येते. तिसरी करापुरती. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ठेवीवरचे व्याज करमुक्त नसते, ते दाखवावे लागते.

आणि एक जुनी सवय. महिन्याच्या दहा तारखेच्या आत पैसे भरले तरच बचत खात्यावर व्याज लागते, असे मानून अनेक ज्येष्ठ आजही नऊ तारखेला बँकेत रांग लावतात. १ एप्रिल २०१० पासून ते व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजले जाते. माल विकल्याचे पैसे बावीस तारखेला आले तर बावीसलाच भरावेत, पुढच्या महिन्याची वाट पाहत घरात ठेवू नयेत.

शेवटचे स्वयंचलित नूतनीकरणाबद्दल. ठेवीच्या अर्जावर ती चौकट बऱ्याचदा आधीच खूण केलेली असते. तळच्या पैशासाठी ती सोयीची आहे. पण चार महिन्यांच्या ठेवीवर ती राहिली, तर सप्टेंबरमध्ये पैसे खात्यात येण्याऐवजी पुन्हा चार महिन्यांसाठी अडकतात आणि छाटणीच्या मजुरीसाठी पावती मोडायला जावे लागते. अर्ज देतानाच ती खूण काढून घ्यावी आणि पावतीवर ‘मुदतीअंती रक्कम खात्यात जमा’ असे छापले आहे ना, ते काउंटरवरच पाहून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी
गंगापूर रोड, नाशिक