तात्यांचं कॅलेंडर

तासगाव,
रविवार

प्रिय सायली,

तू पाठवलेला निबंध दोनदा वाचला. ‘नेतृत्व’ हा शब्द त्यात अकरा वेळा आलाय, आणि तू नेमकं केलंस काय ते एकदाही नाही. रागावू नकोस. ऑफिसात बसून मी गेली नऊ वर्षं शिष्यवृत्तीचे अर्ज लावतेय. समितीचे सर वाचताना जे पुटपुटतात ते ऐकून ऐकून मलाही थोडं कळायला लागलंय.

तू सुरुवातच केलीस, ‘मी कधी मॉनिटर नव्हते, कुठल्या मंडळाची सचिव नव्हते’. ते काढ. जे नाही त्याची यादी कुणी मागितलेली नाही. पुढे आजीचं इन्सुलिन, दादाचा डबा, पप्पांचं दुखणं, सगळं एका दमात सांगून टाकलंस. ते खरं आहे आणि तू केलंस हे मला माहीत आहे. पण वाचणाऱ्याला त्यातून पोरगी कष्टाळू आहे एवढंच कळतं. घरच्या परिस्थितीसाठी फॉर्मात वेगळा रकाना आहे, ते तिथे जाईल. इथे त्यांना बघायचंय की तुझ्यामुळे दुसरं कुणी वेगळं वागलं का.

आणि तसं एक आहे की! तू ते एका ओळीत उरकलंस, ‘बागेच्या कामातही मदत केली’.

बारावीचं वर्ष आठव. पप्पा गाडीवरून पडले तेव्हा द्राक्षबागेची छाटणी होऊन बारा दिवस झाले होते. फवारणीचं सगळं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात. तात्या आभाळ भरलं की मनाला येईल ते औषध मारायचे. ड्रायव्हर वेगळाच, त्याला कुणी काही सांगायचं नाही. एका आठवड्यात तेच औषध दोनदा गेलं, हे तू रिकाम्या बाटल्या मोजून शोधलंस. मग वही केलीस, आणि ती चालली नाही, कारण तात्या म्हणाले, ‘मी काय शाळेत जातो का?’ इथे थांब आणि नीट लिही. तू भांडली नाहीस. मोटारीच्या खोलीत खिळ्याला कॅलेंडर अडकवलंस, सुतळीला पेन्सिल बांधलीस आणि तात्यांना म्हणालीस, ‘तुम्ही फक्त फुली मारा, औषधाचं नाव ड्रायव्हर लिहील.’ चार दिवसांनी तात्या स्वतःच ड्रायव्हरला विचारायला लागले, ‘काल काय मारलं रे?’ सतरा वर्षांच्या पुतणीचं ऐकायला तात्यांसारखा माणूस तयार झाला, हाच तुझा निबंध.

चूकही लिही. तुझी चाचणी परीक्षा होती, दोन दिवस तू खोलीकडे फिरकली नाहीस. नेमका फुलोऱ्यात पाऊस झाला, फवारणी चुकली आणि ओढ्याकडच्या खोलगट कोपऱ्यात डाऊनीचा रोग आला. आठ ओळींचे घड गेले. त्यानंतर तू काय बदललंस? तू नसशील तेव्हा कॅलेंडर कुणी बघायचं ते ठरवलंस, आणि ते काम दादाला दिलंस. आपण नसतानाही काम चालावं अशी सोय केलीस, ते दोन वाक्यांत सांग. ‘या अनुभवाने मला खूप काही शिकवलं’ असलं वाक्य मात्र नको. ते दर तिसऱ्या अर्जात असतं, आणि तिथे सर पान उलटतात.

पाचशे शब्दांची मर्यादा आहे ना? बाग आणि अपघात शंभरात उरक. अडीचशे तात्यांना वळवण्यावर घाल. चूक आणि दुरुस्ती शंभरात. उरलेल्यात हे तुझ्या पुढच्या शिक्षणाशी कसं जोडतं ते. लिहून झालं की प्रत्येक वाक्यावर बोट ठेव आणि विचार, इथे कुणी काही ठरवलं का, कुणी काही बदललं का? नसेल तर खोड.

फुगवूही नको. ‘दोन एकर बागेचं व्यवस्थापन केलं’ असं लिहिलंस तर मुलाखतीत छाटणीपासून काढणीपर्यंत सगळं विचारतील, आणि माल विकला तो तात्यांनी. तू जेवढं केलंस तेवढंच पुरे आहे. तात्यांना खलनायकही करू नकोस. त्यांनी रात्री दोनला उठून फवारलंय, तेही येऊ दे.

शिफारसपत्र देणाऱ्या मॅडमना ही गोष्ट आधी सांग. तुझ्या निबंधात बाग आणि त्यांच्या पत्रात नुसतं ‘हुशार, शिस्तप्रिय’ असं झालं, तर दोन वेगळ्या मुली वाटतात.

तारखा आठवत नसतील. त्या वर्षीचं कॅलेंडर मी टाकलं नव्हतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं लाडूच्या डब्याखाली घडी करून ठेवलीत. तात्यांच्या फुल्या त्यावर आहेत. थोडं औषध सांडलंय, हात धू.

तुझी,
आई