‘लेफ्ट’ होण्याआधी ॲडमिन मोजा

संपादक महोदय,

घरच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून कुणी ‘लेफ्ट’ झालं की पूर्वी सगळ्यांसमोर करड्या रंगाची एक ओळ उमटायची आणि तासाभरात ‘काय बिनसलं?’ सुरू व्हायचं. ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने ही ओळ फक्त ॲडमिनलाच दिसेल अशी सोय जाहीर केली. तेव्हापासून ‘आता गुपचूप निघता येतं’ असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे, आणि घोळ होतो तो उरलेल्या अर्ध्यात.

ग्रुपच्या नावावर टिचकी मारून सदस्यांची यादी शेवटपर्यंत खाली सरकवली, तर गेल्या ६० दिवसांत कोण बाहेर पडलं ते कोणालाही पाहता येतं. मुद्दाम पाहणारे थोडे असतात, पण प्रत्येक घराण्यात एक तरी असतो. दुसरी अडचण मोठी आहे. घरच्या ग्रुपमध्ये ॲडमिन एकच असतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात लग्नाच्या वेळी पाहुण्यांना भराभर जोडता यावं म्हणून दहा-बारा जणांना ॲडमिन केलेलं असतं आणि नंतर ते कुणी काढत नाही. म्हणून `Exit group` दाबण्याआधी त्याच यादीत `Group admin` ही खूण किती नावांपुढे आहे ते मोजावं. एक-दोन असतील तर प्रश्न नाही. चाळिसातले पंधरा असतील तर ती ओळ पंधरा जणांना दिसणार, म्हणजे रात्रीपर्यंत सगळ्यांना. आणि एकमेव ॲडमिन आपणच असलो, तर आपण निघाल्यावर व्हॉट्सॲप दुसऱ्या कोणाला तरी आपणहून ॲडमिन करतं. ती जबाबदारी नको असलेल्या मावशींच्या गळ्यात पडू नये, म्हणून योग्य माणसाला विचारून आधीच ॲडमिन करून ठेवावं.

आता कारणाचं. बहुतेक जण ‘फोन भरलाय’ म्हणतात आणि तिथेच फसतात, कारण भाचा पाच मिनिटांत उपाय सांगतो: ग्रुपच्या माहितीत जाऊन `Media visibility` ला `No` कर, फोटो गॅलरीत येणारच नाहीत. ‘कामात असतो’ म्हटलं तर उत्तर तयार: म्यूट कर, `Always` निवड. हे उपाय चांगलेच आहेत. त्यासोबत ग्रुप `Archive` करून पंधरा दिवस पाहावं. त्रास नुसत्या आवाजाचा असेल तर तेवढ्यावर भागतं आणि बाहेर पडायची वेळच येत नाही. भागत नाही ते दुसऱ्याच ठिकाणी. पाठवणाऱ्याला आपला मेसेज दाबून धरून, माहिती उघडून, कोणी वाचला आणि कोणाला नुसताच पोहोचला हे दिसतं. काकांनी तेराव्याची वेळ ग्रुपवर टाकलेली असते, आपण ‘न वाचलेल्यां’त दिसतो, आणि मौन हाच मानापमान ठरतो. खरं कारण हेच आहे, म्हणून तेच सांगावं. ते कोणाला दुरुस्तही करून देता येत नाही.

हे ग्रुपवर सांगू नये. निरोपाचा मेसेज टाकला की वीस जोडलेले हात येतात, तिघं ‘का?’ विचारतात आणि एखादा ‘कुणाचं काही चुकलं असेल तर माफी’ लिहून नसलेल्या भांडणाला जन्म देतो. आपणही ‘कुणाला दुखावलं असल्यास क्षमस्व’ लिहू नये. ते वाचून लोक शोधायला लागतात की दुखावलं कोण. थोरल्या काकांनी ग्रुप काढला असेल तर त्यांना फोन करावा, मेसेज नको. बोलणं साधारण असं:

‘काका, ग्रुपवर माझं लक्ष राहत नाही. परवा तुमचा निरोप मी दोन दिवसांनी पाहिला, ते बरं नाही दिसलं. मी ग्रुपमधून निघतो, कार्याचं काही असेल तर तुम्ही किंवा वहिनींनी मला सरळ फोन करा. कोणी विचारलं तर तुमच्याशी बोलून निघालोय असं सांगा.’

शेवटचं वाक्य गाळू नये. विचारणारे आपल्याला कमी आणि ॲडमिनलाच जास्त विचारतात, आणि ‘माझ्याशी बोललाय तो’ एवढं काकांनी म्हटलं की विषय तिथेच संपतो. जिचे सुप्रभात रोज येतात त्या आत्याशीही त्याच दिवशी बोलावं, पण सुप्रभातचा उल्लेख न करता.

फोन झाल्यावर लगेच निघू नये, दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. राजकारणावरून वाद झाला असेल तर आठवडाभर थांबावं, नाहीतर आपण कोणाच्या बाजूने रुसलो हे लोक आपापलं ठरवतात. गणपती, दिवाळी, घरातलं लग्न, कोणाचं आजारपण किंवा दुखवटा, हे दिवस टाळावेत. आठवड्याच्या मधली शांत दुपार बरी. बाहेर पडल्यावर जुना मजकूर फोनमध्ये राहतो, त्यामुळे पत्ते, वाढदिवस, लग्नाचे फोटो आधी काढून घेण्याची घाई नसते. मात्र नंतर ग्रुप डिलीट केला की तोही जातो.

मायेने कोणी परत जोडतंच. ते रोखायला `Privacy` मध्ये `Groups` खाली `My contacts except…` आहे, तिथे ठरावीक नावं वगळता येतात. वगळलेल्या माणसाला मग तुम्हाला थेट जोडता येत नाही, खासगीत आमंत्रण पाठवावं लागतं आणि ते तीन दिवसांनी बाद होतं. पण ॲडमिनला हे कळतं, आणि आपल्या नावावर काट मारलीय हे काकांना कळणं ग्रुप सोडण्यापेक्षा वाईट. घरात हा उपाय करूच नये. जोडलं तर पुन्हा फोन करावा.

सोसायटीत रुसवा कमी, व्यवहार जास्त. आदर्श उपविधींनुसार वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी सभासदांना द्यावी लागते, ती ग्रुपवर असण्या-नसण्यावर अवलंबून नाही. सचिवांना ईमेलवर एवढंच लिहावं: ‘फ्लॅट क्रमांक अमुक. मी चर्चेच्या ग्रुपमधून बाहेर पडत आहे. नोटिसा व बिलं या ईमेलवर पाठवावीत.’ अडचण होते ती टाकी धुण्याच्या दिवशी पाणी बंद, लिफ्ट बंद अशा निरोपांची, कारण ते बहुतेक ग्रुपवरच येतात. म्हणून घरातला दुसरा नंबर आधी जोडून घ्यावा, त्यावर एक-दोन निरोप आलेले पाहावेत, मगच आपण निघावं. सोसायटीने व्हॉट्सॲपवर सगळे ग्रुप एकत्र बांधणारी कम्युनिटी केली असेल तर तिच्यातला फक्त गप्पांचा ग्रुप सोडावा. ॲडमिननेच लिहायचा सूचनांचा ग्रुप तसाच राहतो. घाईत `Exit community` दाबलं तर सूचनाही जातात, आणि टाकी धुण्याच्या दिवशी अंगाला साबण लावल्यावर ते कळतं.

आपला,
एक वाचक, ठाणे