त्या फोटोवरून बाटली बनावट ठरत नाही

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात ‘असली’ आणि ‘नकली’ कीटकनाशक औषधाच्या बाटल्यांचे फोटो शेजारी शेजारी छापलेत. सकाळपासून माझ्या तासगावच्या दुकानात लोक बाटल्या परत घेऊन येत आहेत. ‘नकली’ म्हणून छापलेली बाटली माझ्याच दुकानातून गेलेली आहे. ज्यानं फोटो काढला तो शेतकरी ती घेऊन आला. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बिलाशी जुळली.

आपण दोन फरक दाखवलेत. पहिला, चिन्हातलं पान उजवीकडं न झुकता डावीकडं झुकलंय. फोटो सेल्फी कॅमेऱ्यानं काढलेला आहे आणि काही मोबाइल तो आरशातल्यासारखा उलटाच साठवतात. मग नाव उलटं का दिसलं नाही? चकचकीत लेबलवर उन्हाची तिरीप पडून नाव पांढरं झालंय आणि चेहरा गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरनं बारीक अक्षरं पुसली आहेत. मात्र मागच्या क्रेटवर गावाचं नाव आहे, ते भिंगातून पाहा. शिरोरेषा वरच राहते, त्यामुळं लांबून ते सरळ वाटतं, पण ‘ता’चा काना अक्षराच्या डाव्या बाजूला गेलाय.

दुसरा फरक लेबलवर विषारीपणा दाखवणाऱ्या त्रिकोणाच्या रंगाचा, तो निळ्याऐवजी हिरवा दिसतोय. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणं निळा म्हणजे मध्यम विषारी, हिरवा म्हणजे कमी विषारी. पिवळसर फिल्टरखाली निळा रंग हिरवट दिसतो. ओळखायची खूण त्याच फोटोत आहे: लेबलचा पांढरा भागही पिवळा पडलाय. पांढरंच जिथं पांढरं राहिलं नाही, तिथं त्रिकोणाच्या रंगावर विश्वास कसा ठेवायचा? उद्या कुणी तो हिरवा खरा मानून हातमोजे न घालता फवारणी केली, तर काय?

बनावट औषधं बाजारात आहेत, हे मी नाकारत नाही. पण फोटोवरून फार तर शंका घ्यावी. निकाल लागतो तो कीटकनाशक निरीक्षकानं घेतलेल्या नमुन्याच्या तपासणीवरून. फोटो घ्यायचाच तर मागच्या कॅमेऱ्यानं, सावलीत, फ्लॅश आणि फिल्टर बंद ठेवून घ्यावा. चमक दिसली तर बाटली थोडी फिरवून दुसरा घ्यावा, कारण चमकेखाली गेलेलं अक्षर नंतर कशानंच परत येत नाही. बारकोड स्कॅन होतो म्हणून फोटो सरळ आहे, असंही धरू नये. त्या उभ्या रेषा उलट बाजूनंही वाचल्या जातात.

खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात यावा, ही विनंती.

आणि परवाच्या द्राक्ष सल्ल्यात औषधाचं प्रमाण छापलंय, पण ते लिटरला की एकरी, हे लिहिलेलंच नाही. तेही दुरुस्त करावं.

– एक कृषी सेवा केंद्र चालक, तासगाव (जि. सांगली)