परदेशवारीहून उरलेले पैसे परत घेताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सहलींची नोंदणी सुरू झाली की टूर कंपन्यांच्या प्रवासपूर्व बैठकांमध्ये एक प्रश्न हमखास येतो: पैसे रोख न्यावेत की फॉरेक्स कार्डवर? बैठक घेणारा 'थोडे रोख, बाकी कार्डवर' असं सांगून पुढे जातो. उत्तर बरोबर आहे, पण निम्मंच. प्रवासाहून आल्यावर जे पैसे उरतात त्यांचं काय, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. मी बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली आहेत. माझं निरीक्षण असं, की लोक जाताना दहा ठिकाणी भाव काढतात आणि आल्यावर समोरचा देईल तो भाव घेऊन निघतात.

माझे साडू आणि मेव्हणी नुकतेच पॅरिस आणि स्वित्झर्लंड करून आले. त्यांचाच हिशोब मांडतो. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून बाजारातला मधला भाव एका युरोला 100 रुपये धरला आहे. बाकीचे भाव त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण जसे असतात तसे घेतले आहेत.

त्यांनी कार्डवर 1,600 युरो भरले, भाव 101.50. नोटा घेतल्या 400 युरोच्या, भाव 103. एकूण 2,03,600 रुपये झाले आणि त्यावर जीएसटी लागला 273 रुपये. हा जीएसटी पाहून लोक घाबरतात, पण तो पूर्ण रकमेवर 18 टक्के नसतो. एक लाखापर्यंतच्या रकमेचा एक टक्का आणि त्यापुढच्या, दहा लाखांपर्यंतच्या, रकमेचा अर्धा टक्का एवढंच सेवेचं मूल्य धरतात आणि त्या मूल्यावर 18 टक्के लावतात. टीसीएसची, म्हणजे चलन घेतानाच आगाऊ वसूल होणाऱ्या आयकराची, धास्तीही अशीच. आपण स्वतः चलन घेतो तेव्हा आर्थिक वर्षात माणशी दहा लाखांच्या आत तो लागत नाही. टूर पॅकेजचा नियम मात्र वेगळा आहे. खरा खर्च या करांत नसून भावात आहे.

नोटा कार्डपेक्षा महाग का? कारण नोटा परदेशातून मागवाव्या लागतात, त्यांचा विमा असतो, तिजोरीत साठा पडून राहतो. कार्डवरचा युरो हा वहीतला आकडा असतो. म्हणून विकताना नोटेला दीड रुपया जास्त. एवढा फरक बहुतेकांना ठाऊक असतो. पण परत देताना हीच दरी कितीतरी रुंदावते. साडूंच्या बँकेचा कार्डवरची शिल्लक परत घेण्याचा भाव होता 98.50 आणि नोटांचा 96.50. म्हणजे न वापरलेल्या प्रत्येक युरोमागे कार्डवर तीन रुपये जातात, नोटेत साडेसहा. त्यांचे कार्डवर 420 युरो उरले होते, ते सगळे या भावाने परत दिले तर 1,260 रुपये जातात. तेवढेच युरो नोटांत उरले असते तर 2,730 रुपये गेले असते. मधल्या काळात रुपया घसरला तर हे नुकसान भरून निघतं, कधी चार पैसे वरही मिळतात, पण त्या भरवशावर कोणी सहलीला जात नाही.

म्हणून काय उरेल याचा अंदाज आधी घ्यावा आणि जे उरण्याची शक्यता आहे ते कार्डवर असू द्यावं. नोटा टॅक्सी, बाजार, सार्वजनिक स्वच्छतागृह अशा किरकोळ खर्चापुरत्या घ्याव्यात आणि त्या संपवून यावं. नाणी तर इथे कोणी घेतच नाही, ती विमानतळावर चहा-कॉफीत घालवावीत. कार्डवरही सुरुवातीला हात राखूनच भरावं. बहुतेक कार्डांमध्ये आपण परदेशात असतानाही ॲपवरून किंवा घरच्यांकडून आणखी रक्कम भरता येते. फक्त शनिवार-रविवार आणि सुट्ट्या ध्यानात ठेवाव्यात, भरलेली रक्कम कधीकधी कामाच्या दिवशीच जमा होते.

स्वित्झर्लंडमध्ये त्यांचा वेगळाच खर्च झाला. तिथे चलन फ्रँक आणि कार्डवर नुसते युरो. कार्डवर नसलेल्या चलनात बिल झालं की बँक सर्वसाधारणपणे साडेतीन टक्क्यांच्या आसपास जादा आकार लावते. त्यांचा तिथला कार्डवरचा खर्च साधारण 500 युरोंचा झाला, म्हणजे साडेसतरा युरो, जवळपास पावणेदोन हजार रुपये, नुसत्या या आकारात गेले. उरलेले सगळे युरो परत देताना होणाऱ्या तोट्यापेक्षा हे जास्त! अनेक चलनांचं कार्ड घेऊन निघण्यापूर्वी त्यात थोडे फ्रँक भरले असते तर हा खर्च टळला असता. तिथे काही दुकानं युरोच्या नोटाही घेतात, पण भाव त्यांचा आणि सुटे मिळतात फ्रँकमध्ये. आणखी एक: पॅरिससारख्या ठिकाणी मशीनवर 'रुपयांत की युरोत' असं विचारलं तर तिथलंच चलन निवडावं. रुपये निवडले की युरोचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा युरो असा दुहेरी फेरा पडतो.

आता हे पत्र ज्यासाठी लिहिलं त्या गोष्टीकडे येतो. परत आल्यावर साडूंनी कार्डची शिल्लक मागितली. ॲपवर एकूण शिल्लक 420 आणि वापरता येईल अशी 270 दिसत होती. मधले 150 युरो पॅरिसच्या हॉटेलने खोली देताना अनामत म्हणून रोखून धरले होते. खोली सोडताना बिल वेगळं चुकतं केलं, अनामत सोडल्याचं हॉटेलने सांगितलंही. पण अशी रोखलेली रक्कम हॉटेलने सोडली तरी कार्डवर मोकळी व्हायला काही दिवस, कधी महिनाभरही लागतो. भाड्याच्या गाडीचं आणि काही पेट्रोल पंपांचंही असंच. शाखेत उत्तर मिळालं: रोखलेली रक्कम सुटेपर्यंत काहीच परत देता येणार नाही, महिन्याभराने या.

हे उत्तर चुकीचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचना अशा आहेत, की ग्राहकाने मागणी केल्यावर न वापरलेली शिल्लक बँकेने लगेच परत करायची. राखून ठेवता येतात त्या फक्त तीन गोष्टी: ज्या व्यवहारांना मंजुरी दिली गेली पण ज्यांची वसुली अजून झालेली नाही ती रक्कम, वाटेत असलेल्या, म्हणजे अजून बँकेपर्यंत न पोचलेल्या, व्यवहारांसाठी जास्तीत जास्त 100 डॉलर, आणि इथले शुल्क व कर. साडूंच्या बाबतीत 420 मधून 150 वजा केले, वर 100 डॉलरऐवजी मोठ्या मनाने 100 युरो सोडून दिले, तरी 170 युरो त्याच दिवशी वटवून मिळायला हवे होते. 98.50 च्या भावाने ते 16,745 रुपये होतात. काउंटरवरच्या मुलाचा दोष मी मानत नाही. त्याच्या संगणकावर एकच बटण असतं, पूर्ण शिल्लक परत किंवा काही नाही. पण संगणकाची सोय नाही म्हणून ग्राहकाने महिनाभर थांबावं आणि तोवर भावाचा धोकाही त्यानेच घ्यावा, हे कुठल्या नियमात बसतं?

वाचकांपैकी कोणाला असं उत्तर मिळालं तर तोंडी वाद घालू नये. शिल्लक परत मागण्याचा फॉर्म भरून द्यावा, सोबत पॅन, पासपोर्ट आणि रद्द केलेला चेक जोडावा, कार्डचं ताजं स्टेटमेंट लावावं आणि रोखलेली रक्कम सोडून बाकीची आजच्या भावाने परत द्या असं स्पष्ट लिहून पोच घ्यावी. भाव लागतो तो बँक वटवणूक करते त्या दिवसाचा, त्यामुळे पोचेवर तारीख असणं महत्त्वाचं. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत. आणि मुळात हॉटेलची किंवा गाडीची अनामत फॉरेक्स कार्डवर देऊच नये. ती क्रेडिट कार्डवर रोखू द्यावी आणि शेवटचं बिल फॉरेक्स कार्डने भरावं. मग अडकतात ते क्रेडिट कार्डच्या मर्यादेतले आकडे, आपले भरलेले पैसे नव्हेत.

'पुढच्या वेळी कामी येईल' म्हणून शिल्लक तशीच ठेवणारेही पुष्कळ आहेत. नियमाप्रमाणे न वापरलेलं परकीय चलन परत आल्यापासून 180 दिवसांत बँकेला किंवा अधिकृत विक्रेत्याला परत द्यायचं असतं. नोटांच्या रूपात 2,000 डॉलरपर्यंतचं चलन पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवायला मुभा आहे. कार्डवर मात्र अनेक बँका वापर नसला की ठरावीक काळाने आकार कापायला लागतात, आणि 15-20 युरोंची शिल्लक असेल तर ती त्यातच झिजून जाते.

आपल्या दैनिकामार्फत बँकांना आणि चलन विक्रेत्यांना दोन विनंत्या आहेत. चलन विकताना पावतीवर त्याच दिवसाचा परत घेण्याचा भावही छापावा, कार्डचा वेगळा आणि नोटांचा वेगळा. सोन्याच्या दुकानात मोडीचा भाव विचारला की सांगतात, तसं इथेही व्हावं. आणि शिल्लक परत करण्याच्या फॉर्मवर 'रोखलेली रक्कम वगळून उर्वरित रक्कम द्यावी' अशी एक चौकट असावी. टूर कंपन्यांनीही प्रवासपूर्व बैठकीत पाच मिनिटं या विषयाला द्यावीत. साडूंचे 150 युरो हे पत्र लिहीपर्यंत मोकळे झालेले नाहीत, आणि बाकीच्या रकमेचा अर्ज मी त्यांना काल लिहून दिला आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक