फोनला कंट्रोलची कळ नसते

महोदय,

‘ब्राउझर तुमची कुंडली सांगतो’ हा कालच्या अंकातला लेख वाचला. युजर एजंट नावाच्या एका ओळीवरून संकेतस्थळाला आपले यंत्र, प्रणाली, ब्राउझर असे सगळे समजते, हे वाचून करमणूक झाली. गेल्या महिन्यात माझी कुंडली कुठे गहाळ झाली होती, हे लेखकमहाशयांनी सांगावे.

एका ग्राहकसेवेच्या फॉर्मवर ‘फाइल जोडा’ हे बटण दाबले जात नव्हते. मी फोनवरूनच तक्रार लिहिली. उत्तर मिनिटभरात आले, कारण ते आपोआप येणारे होते: ‘कृपया Ctrl+F5 दाबून पान पुन्हा उघडा.’ फोनवर ही कळ कुठे असते ते मी अजून शोधतो आहे. तसे कळवल्यावर दुसरे उत्तर आले: ‘आपण कोणती प्रणाली वापरता?’ अहो, तक्रारीबरोबर माझ्या फोनने ते सांगितलेच होते! तो जे पाठवतो ते असे:

```
Mozilla/5.0 (Linux; Android 10; K) AppleWebKit/537.36 (KHTML, like Gecko) Chrome/124.0.0.0 Mobile Safari/537.36
```

यातले `Android` आणि `Mobile` हे दोनच शब्द वाचले असते तरी कळेचा सल्ला टळला असता. पण उत्तर देणाऱ्या यंत्रणेने ते वाचले नाहीत, कारण तिच्यापर्यंत ते पोचलेच नाहीत. मी काही वर्षे सर्व्हरची देखभाल केली आहे, त्यामुळे हा प्रकार ओळखीचा आहे. युजर एजंट हा ब्राउझरने सर्व्हरला केलेल्या त्या एका विनंतीचा हेडर, म्हणजे तिच्याबरोबर जाणारी माहितीची ओळ, असतो. माझी विनंती फॉर्मच्या वेब सर्व्हरवर संपते. तो ही ओळ आपल्या लॉगमध्ये टिपतो आणि फॉर्ममधले नाव, ईमेल आणि मजकूर एवढेच उचलून तक्रारींच्या यंत्रणेकडे पाठवतो. हे पाठवणे म्हणजे नवी विनंती, आणि तिचा युजर एजंट पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचा, उदाहरणार्थ `python-requests/2.31.0`. म्हणजे पलीकडच्या यंत्रणेने तिच्याकडे आलेली ओळ वाचली असती, तरी तक्रारदार माणूस नसून पायथन आहे एवढेच तिला कळले असते. मूळ ओळ हवी असेल तर फॉर्म लिहिणाऱ्याने ती वेगळ्या रकान्यात मुद्दाम भरून पाठवावी लागते. तो रकाना कोणी मागितला नाही म्हणून कोणी ठेवला नाही. कारण बहुतेक वेळा इतकेच साधे असते. कुठे कुठे ग्राहकाचा माग नको म्हणून ती ओळ जाणूनबुजून गाळतात. त्याला माझी हरकत नाही, पण मग कळा दाबायला सांगू नका.

आता उत्तर देणाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगतो, म्हणजे पक्षपात नको. ती ओळ पोचली असती तरी तिच्यावर किती भरवसा ठेवायचा? माझा फोन अँड्रॉइड 14 चा आहे, ओळीत 10 लिहिले आहे. `K` हे माझ्या फोनचे मॉडेल नव्हे. क्रोमने 2023 मध्ये फोनवर ही माहिती आखडती घेतली, तेव्हापासून मॉडेल कोणतेही असो, `K` च जातो, आणि ब्राउझरच्या आवृत्तीतही पहिल्या आकड्यापुढे नुसती शून्ये असतात. विंडोज 11 सुद्धा या ओळीत `Windows NT 10.0` असाच दिसतो. आयपॅडची तर 2019 पासून तऱ्हाच न्यारी: त्यावरची सफारी बहुधा स्वतःला `Macintosh` म्हणवते. अशा आयपॅडवाल्याला कळफलकाचा सल्ला मिळाला तर मी उत्तर देणाऱ्याला दोष देणार नाही. थोडक्यात, फोन की संगणक हे या ओळीवरून बऱ्यापैकी कळते, नेमकी आवृत्ती कळत नाही. ती हवी असेल तर सर्व्हरला ब्राउझरकडे वेगळ्या हेडरने मागावी लागते, आणि सगळेच ब्राउझर ती देतात असे नाही. तुमच्या लेखात याचा उल्लेख नाही. कुंडली म्हटली की खप वाढतो, हे समजू शकतो.

जाता जाता आणखी एक. लेखाशेजारच्या चौकटीत ‘ओळीच्या सुरुवातीला Mozilla असेल तर वाचक फायरफॉक्स वापरतो’ असे छापले आहे. वरची ओळ पुन्हा पाहावी. तो क्रोम आहे आणि सुरुवात `Mozilla/5.0` नेच आहे. जुन्या काळी काही सर्व्हर हे नाव पाहूनच चांगले पान देत, म्हणून इतर ब्राउझरांनी ते उसने घेतले आणि आजतागायत परत केलेले नाही. चौकट तपासायला कार्यालयात कोणी फायरफॉक्सवाला भेटला नसेल, तर क्रोमवाला तरी भेटला असता. गेल्या वेळच्या माझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद जागेअभावी गाळलात. या वेळी तरी चौकटीचा परिच्छेद ठेवावा, ही नम्र विनंती.

हे पत्र ईमेलने पाठवत आहे. फोनवरून लिहिले आहे, हे मीच सांगून टाकतो.

आपला,
एक नियमित वाचक