मनूस, नव्या गाडीबद्दल

साखळी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू अर्ध्या ताटावरून उठून वेर्ण्याला निघून गेलीस. तुझ्या वाटणीचं हुमण आईने रात्रीपर्यंत झाकून ठेवलं होतं. गाडी घेतलीस याचा मला राग नाही. पैसे तुझे, हौस तुझी. शेजारचा बाबल दारात उभा राहून गाडी न्याहाळत होता, तेव्हा ‘आमच्या मनूची’ असं मीच त्याला सांगितलं. पण तुझ्या उजव्या मुठीची मला भीती वाटते, आणि त्याबद्दल बोलायला लागलो की तुला ते भांडण वाटतं. म्हणून लिहितोय.

तुझा हात स्प्लेंडरवर बसलाय. 97 सीसी, आठ पीएस. तिची मूठ पूर्ण पिळली तरी ती आपल्या चालीनेच पुढे सरकते. त्यामुळे सिग्नल सुटला की निम्म्याहून जास्त रेस द्यायची सवय तुझ्या मनगटाला लागलीय. ही 390 ड्यूक 399 सीसीची, 46 पीएसची. वजन 112 किलोवरून 168 झालंय, म्हणजे दीडपट, आणि ताकद जवळजवळ सहापट. वजन स्टँडवरून उतरवतानाच हाताला कळतं. ताकद मात्र मूठ पिळेपर्यंत कळत नाही, आणि कळते तेव्हा गाडी पुढे गेलेली असते.

पायलट म्हणून पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर भाडं घेऊन इतकी माणसं मागे बसवली, त्यातून एक गोष्ट कळली. गाडी अचानक पुढे उसळली की अंग मागे जातं. हात हँडलला धरलेले असतात, त्यामुळे अंगाबरोबर मनगट खाली ओढलं जातं आणि रेस आणखी उघडते. मग गाडी आणखी उसळते. तू मुद्दाम काही करत नसतेस, तुझंच वजन मूठ पिळत असतं. स्प्लेंडरवर हीच चूक पचून जाते, कारण उसळायला इंजिनात फारसं काही नसतंच.

आता चोर्ला घाट घे, कारण तू बेळगावला त्याच वाटेने जाणार हे मला ठाऊक आहे. केरी सोडून चढ लागला, पाऊस आहे, पुढे ट्रक, तू दुसऱ्या गिअरवर त्याच्या मागे. वळण संपत आलं, जागा दिसली आणि गाडी अजून कललेली असतानाच तू स्प्लेंडरसारखी मूठ पिळलीस. कललेल्या टायरची बरीचशी पकड वळण सांभाळण्यातच गेलेली असते, वरची ताकद ओल्या डांबरावर त्याला झेपत नाही आणि मागचं चाक बाहेर सरकू लागतं. घाबरून मूठ फट्कन सोडलीस तर तो दुसरा धक्का. एकाच सिलिंडरचं मोठं इंजिन रेस सोडताच मागच्या चाकाला जोरात आवरतं. म्हणून वळणाआधी वेग कमी कर, वळणात मूठ एका जागी धर आणि गाडी सरळ उभी होत जाईल तशी उघडत जा. पावसात दुसऱ्याऐवजी तिसरा गिअर ठेव, म्हणजे त्याच रेसला ओढ कमी येते. फार खालच्या आरपीएमला इंजिन धडधडायला लागलं तर मात्र गिअर उतरव, ओढत नेऊ नकोस. रेन मोड आहे, तो लाव. त्याने रेस मऊ होते, ट्रॅक्शन कंट्रोलही मदत करतो, पण ओल्या रस्त्यावर पकड तो कुठून आणणार? टायर नवे आहेत, पहिले 200 किलोमीटर ते निसरडेच समज.

पुन्हा भाषण झालं, माफ कर. तू शाळेत असताना टाकीवर बसून हॉर्न वाजवायचीस, आणि आईला सांगायचीस की गाडी मीच चालवली. तेव्हाही तुझा हात माझ्या मुठीवरच असायचा.

मुठीचंच आणखी एक. बसताना मनगट सरळ रेषेत किंवा थोडं खाली ठेवून मूठ धर. मनगट वर उचललेलं असेल तर धक्क्याला ते खाली यायला जागा मिळते आणि तेवढी रेस उघडते. गुडघ्यांनी टाकी घट्ट आवळ, म्हणजे अंग मागे जाणार नाही. डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर असू दे. गाडी हातातून निघतेय असं वाटलं की आधी क्लच ओढ. रेस कितीही उघडी असली तरी चाकाला ताकद जायची थांबते. इंजिन ओरडेल, ओरडू दे.

हे वाचून येत नाही, डाव्या हाताला सवय लागावी लागते. रविवारी सकाळी लवकर ये, मैदान रिकामं असतं. पहिल्या गिअरवर हळू जायचं, मी ‘ओढ’ म्हटलं की क्लच. दादाही येतो म्हणतोय. त्याच्यासमोर तू बोलत नसलीस तर त्याला घरीच ठेवीन.

आई विचारते, हेल्मेट जुनंच आहे का. जुनंच असेल तर नवं घे, पैसे मी पाठवतो.

तुझा,
बाबा