संवत्सरीची तिथी आणि पैठणचा संबंध

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी पर्युषण आले की आपल्या दैनिकात त्याची बातमी येते, आणि त्यात एक वाक्य हमखास असते: पावसाळ्यात जीवजंतू वाढतात, त्यांची हिंसा होऊ नये म्हणून जैन समाज या काळात पर्युषण पाळतो. यंदा आमच्या शेजारच्या काकूंनी ती बातमी वाचून मला विचारले, "अहो, किडामुंगीसाठीच असेल, तर मग मृगातच व्हायला हवं ना तुमचं पर्युषण? निम्मा पाऊस सरल्यावर कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. बातमीतले कारण चातुर्मासाचे आहे, पर्युषणाचे नाही. साधू-साध्वींनी विहार थांबवून चार महिने एका गावी राहायचे, श्रावकांनी हिरव्या पालेभाज्या टाळायच्या, पाणी उकळूनच प्यायचे, हे सारे जीवदयेपोटी आहे आणि ते आषाढातच सुरू होते. संवत्सरी, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा मुख्य दिवस, मात्र भाद्रपद शुद्ध चतुर्थीला किंवा पंचमीलाच का, याचे उत्तर वेगळे आहे, आणि त्या उत्तराचा एक धागा थेट आपल्या पैठणला येऊन पोचतो. म्हणून हे पत्र.

आधी मोजणी पाहू. चातुर्मास आषाढ पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत, म्हणजे १२० तिथींचा. कल्पसूत्र या आमच्या ग्रंथात म्हटले आहे की वर्षाकाळाचा एक महिना आणि वीस रात्री गेल्यावर भगवान महावीरांनी पर्युषण केले, म्हणजे वर्षाकाळाचा मुक्काम पक्का केला. आषाढ पौर्णिमेपासून श्रावण पौर्णिमेपर्यंत ३० तिथी, पुढे अमावास्येपर्यंत १५ आणि त्यावर ५. बरोबर भाद्रपद शुद्ध पंचमी येते. समवायांग या आगमात हीच गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगितली आहे: ५० दिवस गेलेले आणि ७० उरलेले. २०२५ साली ताडून पाहा. आषाढ पौर्णिमा १० जुलैला होती, भाद्रपद शुद्ध पंचमी २८ ऑगस्टला आणि कार्तिक पौर्णिमा ५ नोव्हेंबरला. मधले दिवस भरतात ४९ आणि ६९. तिथी दिवसापेक्षा किंचित लहान असते, म्हणून कॅलेंडरवर एकेक दिवस कमी दिसतो.

आता हे ५० दिवस कशासाठी? कल्पसूत्राच्या शेवटच्या भागात, साधूंच्या सामाचारीत, म्हणजे आचारनियमांत, हा प्रश्न सरळ विचारला आहे आणि त्याचे उत्तर फार प्रापंचिक आहे. तोवर बहुतेक गृहस्थांची घरे पावसासाठी तयार झालेली असतात, असे तिथे म्हटले आहे. भिंतींना कूड-चटया लावून झालेल्या असतात, छप्पर शाकारलेले असते, जमीन सारवून, घोटून गुळगुळीत केलेली असते, घरात धूप फिरलेला असतो, पाणी वाहून जायला चर आणि मोऱ्या खणलेल्या असतात. आणि हे सगळे गृहस्थाने स्वतःसाठी केलेले असते, तो त्यात राहू लागलेला असतो. शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. साधूसाठी मुद्दाम केलेले अन्न जसे त्याला चालत नाही, तसेच त्याच्यासाठी मुद्दाम शाकारलेले घरही चालत नाही. माती खणणे, गवत कापणे, शेणमाती कालवणे या सगळ्यात जीवहिंसा आहे आणि ती साधूच्या निमित्ताने झाली तर दोष त्याच्याकडे जातो. तेव्हा त्याने थांबायचे. लोकांची आपापली डागडुजी उरकू द्यायची आणि मग तयार जागेत आपला मुक्काम पक्का करायचा.

पुढच्या टीकाग्रंथांत, म्हणजे चूर्णींमध्ये, हे थांबणे कसे करायचे तेही दिले आहे. आषाढ पौर्णिमेला योग्य जागा मिळाली तर तिथेच ठरवावे. नाही मिळाली तर पाच दिवस वाट पाहावी, मग आणखी पाच. असे पाच-पाच दिवसांचे दहा टप्पे करत भाद्रपद शुद्ध पंचमीपर्यंत जाता येते. त्या दिवशीही जागा नसेल तर झाडाखाली राहावे, पण मुक्काम ठरवावाच. आधी केलेले चालते, ती रात्र ओलांडलेली चालत नाही, असे मूळ सूत्रातच बजावले आहे. म्हणजे आज आपण जी तिथी सणाची म्हणून पाळतो ती मुळात अखेरची मुदत आहे.

चूर्णीतला आणखी एक विचार मला, मराठवाड्यात राहणारा माणूस म्हणून, विशेष जवळचा वाटतो. साधूने घाईने "आम्ही राहिलो" असे जाहीर केले, तर लोक समजतील की महाराजांना पावसाचे कळलेले दिसते, यंदा चांगला होणार. त्या भरवशावर कोणी साठवणीचे धान्य विकून टाकील, कोणी नांगर धरील, कोणी घर शाकारायला घेईल. आणि पाऊस आलाच नाही तर? म्हणून गृहस्थाने विचारले तरी मुदतीपर्यंत पक्का शब्द द्यायचा नाही, मोघमच सांगायचे. जूनच्या दोन सरींवर पेरणी करून जुलैत दुबार पेरणीचे बियाणे शोधत फिरणारा शेतकरी ज्याने पाहिला आहे, त्याला या सावधगिरीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

मुक्काम पक्का झाला की मागच्या वर्षाचा हिशेब. रोजचे, पंधरवड्याचे, चार महिन्यांचे आणि वर्षाचे अशी प्रतिक्रमणे, म्हणजे झालेल्या दोषांची कबुली आणि क्षमायाचना, असतात. त्यांतले वर्षाचे या शेवटच्या दिवशी होते, तीच संवत्सरी. संध्याकाळी उपाश्रयात बसायचे कटासन टाकून, तोंडासमोर धरायची मुहपत्ती हातात घेऊन सगळे बसतात. आमच्या मूर्तिपूजक परंपरेत पाक्षिक प्रतिक्रमणाच्या कायोत्सर्गात, म्हणजे निश्चल ध्यानात, लोगस्स हे तीर्थंकरांचे स्तुतिसूत्र १२ वेळा म्हणायचे असते, चातुर्मासिकात २० आणि सांवत्सरिकात ४०. त्याच दिवशी सकाळी बारसासूत्र, म्हणजे मूळ प्राकृत कल्पसूत्र, अखंड वाचले जाते. छप्पर, मोऱ्या आणि पन्नास दिवसांची ती वाक्ये त्यातच आहेत. प्राकृत कळत नसल्याने बहुतेकांच्या कानांवरून ती निघून जातात, याची मला खंत वाटते.

आता पैठण. सूत्रात पंचमी असताना श्वेतांबर मूर्तिपूजक चतुर्थीला संवत्सरी का करतात? बातम्यांत याला "पंथभेद" म्हणून मोकळे होतात. निशीथचूर्णीत त्याची कथा आहे. कालकाचार्य हे जैन आचार्य उज्जैनहून भर वर्षाकाळात निघून प्रतिष्ठानला, म्हणजे पैठणला, आले. तिथला सातवाहन राजा श्रावक होता. आचार्यांनी पंचमीला पर्युषण सांगितले, तेव्हा राजा म्हणाला की त्या दिवशी लोकरीतीप्रमाणे इंद्राचा उत्सव असतो आणि मला त्यात जावे लागते, माझ्याकडून साधूंची सेवा व्हायची नाही; षष्ठीला करू या. आचार्यांनी नकार दिला, कारण ती रात्र ओलांडता येत नाही. "मग चतुर्थीला?" आचार्य म्हणाले, चालेल. आधी केलेले चालते हा नियम वर सांगितलाच आहे. निर्णय त्या नियमाच्या चौकटीत बसला. याच प्रसंगानंतर मरहट्ठ देशात 'समणपूय' नावाचा, साधूंच्या पूजेचा सण सुरू झाल्याचेही चूर्णीत नोंदले आहे. मूर्तिपूजा न करणारे श्वेतांबर, म्हणजे स्थानकवासी आणि तेरापंथी, पंचमीच धरतात. दोन्ही बाजू एकाच वाक्याला धरून आहेत, एवढे तरी वाचकांपर्यंत जायला हवे. गोदाकाठी एका राजाच्या अडचणीतून ठरलेली तिथी आज देशभर आणि परदेशातही पाळली जाते, हे आमच्या जिल्ह्यातल्याही फार थोड्यांना माहीत असते.

खरा पेच अधिक मासाचा आहे. प्राचीन जैन कालगणनेत पाच वर्षांच्या युगात दोनच अधिक मास येत, एक पौष आणि एक आषाढ. दोन्ही चातुर्मासाच्या बाहेर पडत, त्यामुळे ५० आणि ७० यांची बेरीज कधी बिघडत नसे. अधिक मासाच्या वर्षी तर ५० ऐवजी २० दिवसांतच मुक्काम ठरवावा असे सांगितले आहे, कारण वाढीव महिना उन्हाळ्यात गेलेला असतो आणि पाऊस आधीच लागलेला असतो. आजच्या पंचांगात मात्र श्रावणही अधिक येतो. २०२३ चेच पाहा. आषाढ पौर्णिमा ३ जुलैला झाली, मध्ये अधिक श्रावण आला आणि कार्तिक पौर्णिमा २७ नोव्हेंबरपर्यंत लांबली. आषाढ पौर्णिमेपासून ५० दिवस धरले तर निज श्रावणातली शुद्ध पंचमी येते, म्हणजे २१ ऑगस्ट, नागपंचमी. कार्तिक पौर्णिमेपासून मागे ७० धरले तर भाद्रपद. दोन्ही अटी एकदम पाळणे त्या वर्षी कोणालाच शक्य नव्हते. श्वेतांबर मूर्तिपूजकांच्या तपागच्छ या शाखेने अधिक मास मोजणीत न धरता १९ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्याच दिवशी, संवत्सरी केली; चातुर्मास सुरू होऊन तेव्हा ७८ दिवस झाले होते. खरतरगच्छ या दुसऱ्या शाखेची परंपरा पन्नासाव्या दिवसाला धरून चालणारी आहे. मला स्वतःला ५० दिवसांची बाजू सूत्राच्या शब्दाला अधिक जवळची वाटते, कारण "ओलांडू नये" हे ५० बद्दल म्हटले आहे, ७० बद्दल नाही. पण आमचे घर तपागच्छाचे आहे आणि संघासोबत आम्ही भाद्रपदातच करतो.

दिगंबर बांधवांचे दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला संपते. सांगली-कोल्हापूरकडचे वाचक ते जाणतातच. त्यांच्याकडे या पंचमीचा संबंध कालचक्राशी जोडतात: प्रलयानंतर सात-सात दिवसांचे सात वर्षाव होतात, एकूण ४९ दिवस, आणि भाद्रपद शुद्ध पंचमीला सृष्टी पुन्हा बहरू लागते. कारण निराळे असले तरी पावसाचे दिवस जवळपास तेवढेच मोजले आहेत.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. एक, पर्युषणाच्या बातमीत इंग्रजी तारखेसोबत आरंभाची तिथी द्यावी आणि ती आपल्या महाराष्ट्राच्या पंचांगाप्रमाणे, श्रावण वद्य द्वादशी अशी द्यावी. उत्तरेकडच्या पत्रकांवरून भाषांतर करताना ती "भाद्रपद कृष्ण द्वादशी" अशी छापली जाते, आणि मग आमच्याकडचे वाचक महिनाभर पुढची तारीख शोधत बसतात. दुसरी, चतुर्थी आणि पंचमी अशा दोन्ही संवत्सरी, आणि दिगंबरांचा क्षमायाचनेचा दिवस क्षमावाणी, वेगवेगळ्या नावानिशी द्याव्यात. म्हणजे शाळा आणि कार्यालये त्या दिवशी परीक्षा किंवा बैठक ठेवण्याआधी पाहू शकतील. गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका मुलीची चाचणी परीक्षा नेमकी संवत्सरीला आली. आठ दिवसांच्या उपवासाचा तिचा तो शेवटचा दिवस होता. शाळेच्या फलकावरच्या यादीत संवत्सरी आदल्या दिवशी, चतुर्थीला, लिहिलेली होती आणि तिच्या घरी पंचमी धरतात.

आपला नम्र,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर